मधल्या तारखेचे बिल

महिन्याच्या मध्यावर ब्रॉडबँडचा किंवा पोस्टपेड मोबाइलचा प्लॅन बदलला की पुढच्या बिलाचा आकडा जुन्या प्लॅनशी जुळत नाही आणि नव्याशीही नाही. तो बहुतेक वेळा दोन्हींपेक्षा मोठा असतो. त्यात ‘प्रो-राटा’ नावाच्या दोन-तीन ओळी असतात, एखादीपुढे उणे चिन्ह असते. मग ग्राहकाची पक्की समजूत होते की कंपनीने एकाच महिन्याचे पैसे दोनदा घेतले. कधीकधी खरेच घेतलेले असतात. पण ते आकड्याच्या आकारावरून कळत नाही, त्या ओळींतल्या तारखांवरून कळते.

गैरसमज: 900 रुपयांचा प्लॅन घेतला, म्हणजे पुढचे बिल 900 अधिक जीएसटी एवढेच यायला हवे

हा सगळ्यात मोठा गोंधळ आहे. पोस्टपेड बिलात दोन वेगवेगळ्या काळांचे हिशेब एकाच पानावर असतात. प्लॅनचे मासिक भाडे अनेक कंपन्या आगाऊ लावतात, म्हणजे येणाऱ्या महिन्याचे. जादा डेटा, परदेशी कॉल, रोमिंग यांचे पैसे मात्र सरलेल्या महिन्याचे असतात. घरभाडे एक तारखेला आगाऊ द्यायचे आणि विजेचे बिल वापर झाल्यावर भरायचे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे दोन्हींची पावती एकच. प्लॅन स्थिर असतो तोवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मधेच बदलला की आगाऊ भरलेल्या भाड्याचा हिशेब मोडून नव्याने मांडावा लागतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून 599, 899 ऐवजी सरळ आकडे घेतो. तुमचे बिलचक्र दर महिन्याच्या 8 तारखेपासून पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंतचे आहे. जुना प्लॅन 600 रुपयांचा. 8 सप्टेंबरला बिल आले, त्यात 8 सप्टेंबर ते 7 ऑक्टोबर या 30 दिवसांचे 600 रुपये आगाऊ, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 708. ते तुम्ही भरले. मग 20 सप्टेंबरपासून 900 रुपयांचा प्लॅन सुरू झाला.

आता 8 ऑक्टोबरच्या बिलात तीन ओळी येतील. जुना प्लॅन 8 ते 19 सप्टेंबर असे 12 दिवस चालला, उरलेल्या 18 दिवसांचे पैसे तुम्ही आधीच दिले होते, ते दिवसाला 20 रुपयांप्रमाणे परत: उणे 360. त्याच 18 दिवसांचे नव्या प्लॅनचे भाडे दिवसाला 30 प्रमाणे: 540. आणि 8 ऑक्टोबर ते 7 नोव्हेंबर या पुढच्या महिन्याचे आगाऊ भाडे: 900. बेरीज 1,080. त्यावर जीएसटी 194.40, म्हणजे एकूण 1,274.40 रुपये.

तुमची अपेक्षा होती 1,062 ची. फरक 212.40 चा. हा फरक म्हणजे त्या 18 दिवसांत तुम्ही वापरलेल्या वरच्या प्लॅनचे दिवसाला 10 रुपये, अधिक त्यावरचा कर. दोनदा आकारणी कुठेच नाही. त्यानंतरचे बिल आपोआप 1,062 वर येते. कंपनी भाडे महिना सरल्यावर लावत असती, तर हेच ऑक्टोबरचे बिल 240 अधिक 540, करासह 920.40 आले असते आणि कुणी तक्रारही केली नसती. म्हणून आपल्या कंपनीची पद्धत कोणती, हे आधी पाहावे. मासिक भाड्याच्या ओळीशेजारी छापलेल्या तारखा बिलाच्या तारखेनंतरच्या असतील, तर भाडे आगाऊ आहे.

जाता जाता एक गोष्ट. बिल आपोआप भरले जावे म्हणून बँकेला परवानगी देताना अनेकजण कमाल रक्कम नेहमीच्या बिलाच्या थोडीच वर ठेवतात. 1,100 ची मर्यादा असेल तर 1,274 चे बिल कापलेच जात नाही आणि विलंब शुल्क लागते. खरा भुर्दंड तो.

गैरसमज: दिवसाचा दर म्हणजे भाडे भागिले 30

तसे असेलच असे नाही. काही हिशेब चक्रातल्या प्रत्यक्ष दिवसांनी भागतात. 8 ऑक्टोबर ते 7 नोव्हेंबर हे चक्र 31 दिवसांचे आहे, तिथे 900 चा दिवसाचा दर 30 नाही, 29.03 होतो. फेब्रुवारीतून जाणारे चक्र 28 दिवसांचे असले तर 32.14. या पैशांवरून भांडण्यात अर्थ नाही. तपासायचे असते ते दिवसांचे गणित: जुन्या प्लॅनचे दिवस आणि नव्या प्लॅनचे दिवस मिळवले की चक्राचे दिवस बरोबर भरले पाहिजेत. वरच्या उदाहरणात 12 आणि 18 मिळून 30. बेरीज 31 आली, तर बदलाचा दिवस दोन्हीकडे मोजला गेला आहे.

चुका बहुधा अशाच साध्या असतात. उणे चिन्हाची ओळ गायबच असते. नव्या प्लॅनचे 540 लागलेले असतात, पण जुन्याचे 360 परत आलेले नसतात. किंवा तुम्हाला 600 चा प्लॅन सवलतीत 500 ला मिळत होता आणि नव्या प्लॅनलाही सवलत कबूल केली होती, पण मधल्या दिवसांचे भाडे छापील दराने धरले जाते. जुन्या प्लॅनला जोडलेले जादा पॅक प्लॅनसोबत बंद न होणे, हीही नेहमीची तक्रार. परताव्याची ओळ एक बिल उशिरा येते, असेही घडते. म्हणून सलग दोन बिले शेजारी ठेवून वाचावीत.

गैरसमज: विभागणी फक्त पैशांची होते

मोबाइल पोस्टपेडमध्ये काही कंपन्या डेटाचा कोटाही दिवसांच्या प्रमाणात कापतात आणि इथला फटका भाड्याच्या फरकाहून मोठा बसू शकतो. समजा, जुन्या प्लॅनमध्ये महिन्याला 40 जीबी होते. पहिल्या 12 दिवसांत तुम्ही 30 जीबी वापरले; तुमच्या लेखी 10 अजून शिल्लक. पण प्लॅन 12 दिवसांनी संपल्यामुळे कोटा उरतो फक्त 16 जीबी. वरचे 14 जीबी अचानक ‘जादा वापर’ ठरतात. जीबीला 20 रुपये दर धरला तर 280 रुपये, अधिक कर. जास्त डेटा हवा म्हणून मोठा प्लॅन घेतला आणि त्यामुळेच आधीच्या वापरावर दंड बसला!

यावरचा मार्ग ट्रायच्या टेलिकॉम टॅरिफ ऑर्डरमध्येच आहे. ग्राहकाला प्लॅन केव्हाही बदलता येतो आणि तो बदल एकतर लगेच किंवा पुढचे बिलचक्र सुरू होताना लागू करायचा असतो. दुसऱ्या प्रकारात दिवसांची विभागणीच होत नाही. निम्म्याहून जास्त कोटा वापरून झाला असेल आणि घाई नसेल, तर बदल पुढच्या चक्रापासून मागणे शहाणपणाचे. विनंती नोंदवताना ‘कोणत्या तारखेपासून’ हे विचारून उत्तर एसएमएस किंवा ईमेलने लेखी घ्यावे. कस्टमर केअरचे तोंडी ‘हो सर, झाले’ बिलापुढे टिकत नाही.

गैरसमज: राउटर बंद केला, त्या दिवसापासून भाडे थांबले

जोडणी तोडताना तीन वेगळ्या तारखा असतात: तुम्ही वापर थांबवलेली, विनंती नोंदवलेली आणि कंपनीने जोडणी प्रत्यक्ष बंद केलेली. शेवटच्या बिलात साधारणपणे तिसरी धरलेली दिसते. वरच्याच ग्राहकाने 20 ऑक्टोबरला बंदची विनंती दिली आणि जोडणी 24 ला बंद झाली, असे समजा. 25 ऑक्टोबर ते 7 नोव्हेंबर हे 14 दिवस उरले. 900 च्या आगाऊ भाड्यातून 406.45 आणि करासह 479.61 रुपये परत यायला हवेत. विनंतीच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणाऱ्याला 18 दिवसांची अपेक्षा असते. मधल्या चार दिवसांवर वाद घालायचा असेल तर हातात विनंतीचा क्रमांक आणि तारीख हवी. क्रमांक नसेल तर त्या विनंतीचा पुरावाच राहत नाही.

बिल न भरता जोडणी आपोआप तुटू देणे हा सगळ्यात वाईट मार्ग. आधी सेवा मर्यादित होते, मग स्थगित होते आणि कायमची बंद होईपर्यंत भाडे चढत राहू शकते. मोबाइल नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. पोर्टिंगच्या आधी निघालेली बिले भरलेली असली की नंबर जातो. पण शेवटच्या तुटक दिवसांचे बिल नंतर येते. ते थकवले, तर जुनी कंपनी नव्या कंपनीमार्फत तुमचा नंबर बंद करवू शकते.

शेवटच्या बिलात परत न केलेल्या राउटरची किंमतही येते. राउटर घेऊन जाणाऱ्याकडून पावती घ्यावी, निदान त्याच्या अनुक्रमांकाचा फोटो ठेवावा. अनामत रक्कम हा भाड्यापासून वेगळा हिशेब आहे. ती बाकीतून वळती झाली असेल तर तशी स्वतंत्र ओळ दिसायला हवी.

गैरसमज: वर्षाचे पैसे भरले असतील तर उरलेल्या महिन्यांचे त्याच प्रमाणात परत मिळतात

इथे ग्राहकाचे गणित आणि कंपनीचे गणित मुळातच वेगळे असते. महिना 900 चा प्लॅन वर्षभरासाठी 9,000 ला घेतला आणि 7 महिन्यांनी सोडला. ग्राहक म्हणतो, 12 पैकी 5 महिने उरले, म्हणजे 3,750 परत. कंपनी म्हणते, वर्षाची सवलत वर्ष पूर्ण करणाऱ्याला; 7 महिन्यांचे 900 प्रमाणे 6,300 झाले, उरले 2,700. काही योजनांत तर परतावा नाहीच. यांतले काय लागू, ते योजनेच्या अटींत लिहिलेले असते आणि पैसे भरण्याआधीच वाचण्यासारखे ते एवढेच एक कलम असते. प्रीपेड ब्रॉडबँडला तर ही दिवसांची विभागणी बहुधा लागतच नाही.

तारखा जुळल्या नाहीत, तर तक्रार एका परिच्छेदात लिहावी: बिल क्रमांक, प्लॅन बदलल्याची तारीख, जुन्या-नव्या प्लॅनचे दिवस, तुमच्या हिशेबाने येणारी रक्कम आणि लागलेली रक्कम. ‘बिल जास्त आले’ एवढेच लिहिले की ‘बिल योग्य आहे’ हे छापील उत्तर येते. ‘8 ऑक्टोबरच्या बिलात 18 दिवसांचे 360 रुपये वजा केलेले नाहीत’ याला तसे उत्तर देता येत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर घ्यावा. तक्रार केंद्रावर समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येते, त्याला शुल्क नाही. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र पाठवून वाट पाहण्यात वेळ जातो. ग्राहक आयोगाचे दार मात्र उघडे आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.