पुडाभर कॅलरी, एका बिस्किटात किती?

बिस्किटाच्या छोट्या पुड्यावर किंवा वेफर्सच्या पाकिटावर ऊर्जेचा आकडा कधी कधी अख्ख्या पाकिटाचा असतो. खाणारा मात्र नगावर खातो: चहाबरोबर चार बिस्किटे, गप्पांच्या नादात मूठभर वेफर्स. पाकिटाच्या आकड्यावरून नगाचा आकडा काढायला भागाकार पुरतो. पण कशाला कशाने भागायचे, हे आधी नक्की करावे लागते.

भारतातील २०२०च्या लेबलविषयक नियमांनुसार पोषणमूल्ये १०० ग्रॅममागे देता येतात, किंवा एका वेळी संपवायचे पाकीट असेल तर संपूर्ण पाकिटामागे. त्यामुळे दोन पुड्यांवरचे आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करणे धोक्याचे. तक्त्याच्या डोक्यावरची बारीक अक्षरे नेमकी पाकिटाच्या घडीत गेलेली असतात आणि आकडा कशाचा आहे तेच कळत नाही. अशा वेळी तक्त्यातील प्रथिने, एकूण कर्बोदके आणि एकूण स्निग्ध पदार्थ यांच्या ग्रॅमची बेरीज करावी. साखर आणि संपृक्त मेद धरायचे नाहीत, ते या तिघांतच मोजलेले असतात. बिस्किटांत आणि वेफर्समध्ये पाणी फार थोडे असल्याने ही बेरीज एकूण वजनाच्या जवळपास जाते. पुडा ८० ग्रॅमचा आणि बेरीज ९७ भरली, तर तक्ता १०० ग्रॅमचाच असणार. ८० ग्रॅमच्या पुड्यात ९७ ग्रॅम मावतील कसे? बेरीज ७७च्या आसपास आली, तर तो पुड्याचा हिशेब.

आता एक नमुन्याचा पुडा घेऊ. निव्वळ वजन ८० ग्रॅम; प्रथिने ५.६, कर्बोदके ६१ आणि स्निग्ध पदार्थ १०.४ ग्रॅम, ऊर्जा ३६० किलोकॅलरी. बेरीज ७७ ग्रॅम येते, म्हणजे तक्ता पुड्याचा. ऊर्जेचा आकडाही ताडून पाहता येतो. प्रथिने व कर्बोदके ग्रॅमला ४ किलोकॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ ९. त्यानुसार २२.४, २४४ आणि ९३.६ मिळून बरोबर ३६० होतात. पुड्यात १६ बिस्किटे निघाली, तर एका बिस्किटाला २२.५ किलोकॅलरी. पाच खाल्ली की सुमारे ११३. बोलताना 'कॅलरी' म्हणतात ती हीच किलोकॅलरी. परदेशी पाकिटावर किलोज्यूल असतील, तर ४.१८ ने भागावे.

साच्यातून निघालेली बिस्किटे बरीचशी सारखी असतात, म्हणून नगावर मोजणे चालून जाते. क्रीमच्या बिस्किटाचे एक नग म्हणजे दोन्ही चकत्या आणि मधले क्रीम. क्रीम चाटून घेऊन वरची चकती बाजूला ठेवणाऱ्या मुलाचा हिशेब निम्म्याने होत नाही, कारण साखर आणि मेद क्रीममध्येच जास्त असतात. नगावरचा भागाकार इथे लंगडा पडतो.

वेफर्सच्या बाबतीत तर नग मोजणे जवळजवळ निरर्थकच. एक काप तळव्याएवढा, दुसरा नखाएवढा, आणि तळाशी चुरा. तिथे वजनाने भागावे. पाकीट ५२ ग्रॅमचे आणि त्यात २८६ किलोकॅलरी असतील, तर ग्रॅमला ५.५. मग खाल्लेले वजन तेवढे हवे. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा त्यासाठी पुरेसा आहे. उघडलेले पाकीट काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि लागतील तेवढे वेफर्स काढून घ्यावेत. काट्यावर उणे १८ दिसले, तर १८ ग्रॅम काढले गेले, म्हणजे ९९ किलोकॅलरी. पाकिटाचे स्वतःचे वजन यात आपोआप वगळले जाते. मात्र एकच काप काट्यावर ठेवू नये. साधा काटा एका ग्रॅमच्या टप्प्याने वाचतो आणि काप असतो दीड-दोन ग्रॅमचा; चूक निम्म्यापर्यंत जाऊ शकते. एका कापाचा आकडा हवाच असेल, तर मध्यम आकाराचे वीस काप एकत्र तोलून वीसने भागावे.

आलेले उत्तर पटण्याजोगे आहे का, हे ग्रॅममागच्या आकड्यावरून कळते. साध्या बिस्किटांत तो साधारण साडेचार ते पाच असतो, तळलेल्या बटाटा वेफर्समध्ये साडेपाचच्या आसपास. निव्वळ तेलातही ग्रॅमला नऊच असतात, म्हणून नऊच्या वर गेलेले उत्तर चूकच. बिस्किटाचे उत्तर ग्रॅमला दोन आले, तरी भाजक चुकला असे समजावे: कदाचित आकडा एका 'सर्व्हिंग'चा, समजा २५ ग्रॅमचा, होता आणि भागले गेले पूर्ण पुड्याच्या वजनाने. मोठ्या पिशवीत लहान पुडे असतील, तर पिशवीचे वजन धरायचे की पुड्याचे, हेही याच कसोटीवर ठरते.

एवढे करूनही दशांशापर्यंत जाण्यात अर्थ नाही. लेबलवरचे ऊर्जेचे आकडे बऱ्याचदा पूर्णांकात आणलेले असतात आणि कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पुड्याचे वजन थोडे मागेपुढे होते. म्हणून २२.५ ऐवजी 'बावीस-तेवीस' म्हणणेच रास्त.