बाकावर बसण्याची परवानगी

समाजशास्त्राच्या एम.ए.ला शिकणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने जिल्ह्याच्या एका सरकारी रुग्णालयाला अर्ज केला. विषय होता : ‘बाह्यरुग्ण विभागातील प्रतीक्षा कक्षाचे निरीक्षण करण्यास परवानगी मिळणेबाबत.’ खाली पहिलंच वाक्य, ‘रुग्णांना ताटकळत बसावे लागल्याने होणाऱ्या गैरसोयींचा अभ्यास करावयाचा आहे.’ अर्जावर आवक क्रमांक पडला आणि तो फायलीत जाऊन निजला. तीन आठवडे ती खेपा घालत होती. कोणी नाही म्हणत नव्हतं, हो तर कोणीच म्हणत नव्हतं.

मी अर्ज वाचला तेव्हा दोष रुग्णालयाचा वाटला नाही. सरकारी कचेरीत ‘निरीक्षण’ म्हणजे तपासणी, आणि ‘गैरसोय’ म्हणजे उद्याच्या पेपरातली बातमी. आमच्या शास्त्रात निरीक्षण म्हणजे नुसतं बसून पाहणं : कोण कुठे बसतं, नंबर कोण धरून ठेवतं, कोणाला आधी आत घेतात, सोबत आलेली सून सासूच्या वतीने काय बोलते. पण सही करणाऱ्याने आमचं शास्त्र वाचलेलं नसतं. शिवाय निष्कर्ष आधीच सांगून टाकणारा अर्ज अभ्यास म्हणूनही कच्चाच.

मग आम्ही तो नव्याने लिहिला. मुख्य मजकूर असा झाला :

‘मेडिसिन ओपीडीबाहेरील प्रतीक्षा कक्षात सोमवार व गुरुवार, सकाळी 9 ते 12, असे सहा आठवडे बसून नोंदी घेण्याची परवानगी मिळावी. तपासणीच्या खोलीत जाणार नाही. केस पेपर पाहणार नाही. फोटो, चित्रीकरण, ध्वनिमुद्रण करणार नाही. रुग्णांची नावे, आजार व रुग्णालयाचे नाव प्रबंधात येणार नाही. कोणाची मुलाखत घ्यायची झाल्यास त्या व्यक्तीची स्वतंत्र संमती घेईन. गर्दीमुळे किंवा अन्य कारणाने परिचारिकांनी सांगितल्यास त्या दिवशी निघून जाईन.’

बारा बैठका, छत्तीस तास. आकडा ठरलेला असला की साहेबांना हे प्रकरण कधी संपणार ते कळतं. ‘काही दिवस’ लिहिलं, की ते कधीच संपणार नाही असं वाटतं. मेडिसिनची ओपीडी निवडली तीही विचारानेच. क्षयरोग, एचआयव्ही किंवा मनोविकाराच्या दाराबाहेर बसलेल्या माणसाचा आजार तो तिथे बसलाय एवढ्यावरूनच कळतो. तिथे नाव लपवून फारसं काही लपत नाही.

अर्ज विभागप्रमुखांमार्फत गेला, सोबत ओळखपत्राची प्रत आणि संशोधनाचा एक पानी आराखडा. तिथे नेहमीचा तिढा पडला. विद्यापीठाची नैतिकता समिती म्हणे, आधी रुग्णालयाचं पत्र आणा. रुग्णालय म्हणे, आधी समितीची मंजुरी आणा. यातून वाट एवढीच, की रुग्णालयाकडे ‘समितीच्या मंजुरीच्या अधीन राहून तत्त्वतः संमती’ मागायची. तेवढ्या पत्रावर समिती पुढे सरकते आणि तिची मंजुरी जोडली की अंतिम परवानगी निघते.

परवानगी साहेबांची असते, बाकावरच्या माणसाची नव्हे, हे मात्र विसरून चालत नाही. एर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1955-56 साली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात क्षेत्रकार्य केलं. वरच्या अधिकाऱ्यांना त्याचा हेतू ठाऊक होता, इतरांपुढे तो क्रीडा विभागातला मदतनीस म्हणून वावरत होता. त्यातून ‘असायलम्स’ हे गाजलेलं पुस्तक आलं. आज तशी योजना घेऊन गेलं तर समिती दारातूनच परत पाठवेल. दीडशे माणसांच्या गर्दीत प्रत्येकाची लेखी संमती घेणं अर्थात जमत नाही. म्हणून आम्ही केस पेपरच्या खिडकीजवळ मराठीत एक कागद लावायची परवानगीही त्याच अर्जात मागितली : इथे एक विद्यार्थिनी नोंदी घेत आहे, तुमच्याबद्दल लिहू नये असं वाटल्यास तिला सांगा.

परवानगीच्या पत्राच्या प्रती तिने मेट्रनला, ओपीडीच्या सिस्टरला आणि दारावरच्या सुरक्षारक्षकाला दिल्या. ही तिसरी प्रत बहुतेक जण विसरतात आणि पहिल्याच सकाळी फाटकावर अडकतात. पांढरा कुडता घालू नकोस, असंही मी तिला बजावलं होतं. तरी हातात वही दिसताच लोक तिलाच विचारू लागले, रक्त कुठे तपासतात, डॉक्टर कधी येणार. ती माहीत असेल तेवढं सांगायची आणि कोणी काय विचारलं ते टिपून ठेवायची. तिसऱ्या बैठकीपर्यंत त्याची दोन पानं भरली.

पाचव्या बैठकीला शेजारच्या आजींनी तिला तो भिंतीवरचा कागद वाचून दाखवायला लावला. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “माझं लिही. पण सून बोलली ते नको लिहूस.” तिने त्यांच्यादेखत त्या चार ओळींवर काट मारली.