ताई नोकरी सोडून गेल्या, फायलींचं काय?

एखाद्या छोट्या संस्थेत हिशेब पाहणाऱ्या ताई महिनाअखेरीस नोकरी सोडतात. संस्थेची सगळी ईमेल खाती गूगल वर्कस्पेसवर आहेत. देणगीदारांची यादी, पगारपत्रक, लेखापरीक्षणाची कागदपत्रं असं सगळं ताईंच्या ‘माय ड्राइव्ह’मध्ये असतं आणि ते दहाजणांना शेअर केलेलं असतं. सगळ्यांना फायली दिसतात, त्यामुळे त्या संस्थेच्याच आहेत असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात माय ड्राइव्हमधल्या प्रत्येक फाइलला एकच मालक असतो, आणि इथे त्या ताई आहेत. खातं काढून टाकलं की त्यांच्या मालकीच्या फायलीही जातात.

जाण्यापूर्वी ताई आपला ‘लेखापरीक्षण’ फोल्डर सहकाऱ्याच्या नावावर करून देतात. गफलत होते ती इथे. फोल्डरची मालकी बदलली तरी आतल्या फायलींची बदलत नाही. त्या ताईंच्याच नावावर राहतात. वरवर पाहता काहीच बिघडलेलं दिसत नाही. खात्री करायची असेल, तर सहकाऱ्याने ड्राइव्हच्या शोधपट्टीत `owner:` लिहून त्यापुढे ताईंचा ईमेल पत्ता टाकावा. त्याला शेअर केलेल्यांपैकी अजून ताईंच्या मालकीचं जे आहे ते समोर येतं.

एकेक फाइल हलवत बसण्यापेक्षा हे काम अ‍ॅडमिनने करणं केव्हाही चांगलं. अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये ड्राइव्हच्या सेटिंगखाली `Transfer ownership` असा पर्याय आहे. तिथे जुन्या आणि नव्या मालकाचा पत्ता दिला की फायली नव्या मालकाकडे जातात. त्यांच्या लिंक त्याच राहतात, शेअरिंगही तुटत नाही.

क्रम मात्र चुकवू नये: आधी हस्तांतर, मग खातं काढणं. तोपर्यंत खातं नुसतं निलंबित ठेवता येतं. ताईंना लॉगिन करता येत नाही, पण शेअर केलेल्या फायली इतरांना उघडतात. घाईत खातं काढलंच, तर अ‍ॅडमिनला ते 20 दिवसांच्या आत परत आणता येतं. त्यानंतर नाही.

खरी पंचाईत होते ती ताई संस्थेचं काम स्वतःच्या खासगी जीमेलवरून करत असतील तेव्हा. त्या खात्यावर अ‍ॅडमिनची सत्ता चालत नाही, आणि खासगी खात्यातल्या फाइलची मालकी संस्थेच्या खात्याकडे थेट देताही येत नाही. प्रत काढावी लागते. प्रत म्हणजे नवी फाइल आणि नवी लिंक. जुन्या बदलांचा इतिहास मूळ फाइलमध्येच राहतो.

हे टाळायचं तर अशी कागदपत्रं पहिल्यापासून ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये ठेवावीत. तिथल्या फायली व्यक्तीच्या नसतात, संस्थेच्या असतात. माणूस गेला तरी जागच्या जागी राहतात.

एक गोष्ट मात्र मालकीबरोबर येत नाही. ताईंनी शीटमध्ये स्क्रिप्ट लावून दर महिन्याला देणगीदारांना आपोआप ईमेल जाण्याची सोय केली असेल, तर तो ट्रिगर त्यांच्या खात्यावर चालत असतो. खातं गेलं की ईमेल थांबतात, आणि नव्या मालकाला तो ट्रिगर स्वतःच्या खात्यातून पुन्हा लावावा लागतो.