चाळीस हजार मिळाले, बाकी किती?

रत्नागिरीकडच्या एखाद्या गावात घर बांधायला काढलेला माणूस सिमेंट, सळई, फरशा यांचे सगळे पैसे एकदम देत नाही. दुकानदारही ते मागत नाही. "शेठ, हे चाळीस घ्या, उरलेले आंब्याचे पैसे आले की देतो," एवढ्यावर व्यवहार पुढे सरकतो. दुकानदार वहीत काहीतरी टिपून ठेवतो, देणारा मोबाइलवरचा मेसेज पाहतो आणि दोघेही समाधानाने घरी जातात. भांडण होते ते पुढे आठ-दहा महिन्यांनी. तोवर दोनदा माल आलेला असतो, काही परत गेलेला असतो, पैसे तीन हप्त्यांत दिलेले असतात आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. बहुतेक वेळा दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. 'मिळाले' हे लिहिलेले असते, पण कशापोटी मिळाले आणि त्या दिवशी बाकी किती उरली, हे लिहिलेले नसते.

एक हिशेब मांडून पाहू. १२ जानेवारी २०२५ रोजी सिमेंट आणि सळईचे बिल झाले ८६,४०० रुपयांचे. ३ मार्चला फरशांचे दुसरे बिल झाले ४१,२५० रुपयांचे. एकूण येणे १,२७,६५०. २० मार्चला घरमालकाने ४०,००० रुपये दिले. इथे पहिला प्रश्न येतो, हे पैसे कोणत्या बिलाचे? भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये याचे उत्तर आहे. पैसे देणाऱ्याने सांगितले असेल, तर त्याने सांगितलेल्या बिलापोटीच ते धरावे लागतात. त्याने सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही ते कळत नसेल, तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवले नाही, तर सर्वांत जुन्या देण्यापासून रक्कम वजा होत जाते. फरशांबद्दल तक्रार असेल आणि ते बिल वादात असेल, तर हा फरक फार मोठा ठरतो. म्हणून देणाऱ्याने पैसे देतानाच बिल क्रमांक सांगावा आणि घेणाऱ्याने तो पावतीवर लिहावा. उधारीवर व्याज ठरलेले असेल, तर रक्कम मुद्दलात धरली की व्याजात, हेही त्याच वेळी लिहावे. वेगळे काही ठरले नसेल, तर न्यायालये साधारणपणे आधी व्याज आणि मग मुद्दल असाच हिशेब धरतात.

बाकी लिहिताना नुसता शेवटचा आकडा टाकण्यात धोका आहे. 'बाकी ८७,६५०' एवढेच वाचून तो आकडा कुठून आला हे कोणालाच पडताळता येत नाही. त्याआधीची वजाबाकी दिसली पाहिजे. आपल्या उदाहरणातली पावती अशी असावी:

"आपणाकडून आज दि. २० मार्च २०२५ रोजी यूपीआयने, व्यवहार क्रमांक अमुक, रु. ४०,०००, अक्षरी रुपये चाळीस हजार फक्त, दि. १२ जानेवारीच्या बिलापोटी अंशतः मिळाले. दोन्ही बिलांचे एकूण येणे रु. १,२७,६५०. यापूर्वी मिळालेले: काही नाही. आज मिळालेले रु. ४०,०००. आजअखेर येणे बाकी रु. ८७,६५०. पैकी जानेवारीच्या बिलाचे ४६,४०० व मार्चच्या बिलाचे ४१,२५०."

यात 'यापूर्वी मिळालेले: काही नाही' हे शब्द अनावश्यक वाटतील, पण ते गाळू नयेत. जागा मोकळी राहिली, तर पुढे कोणीही म्हणू शकतो की त्याआधी पाच हजार रोख दिले होते आणि ते लिहायचे राहून गेले.

पुढे ८ एप्रिलला सिमेंटच्या उरलेल्या १० गोण्या परत गेल्या, ३८० रुपयांच्या भावाने ३,८०० रुपयांच्या. ही रक्कम मिळालेल्या पैशांत मिसळू नये. ती 'माल परत' म्हणून वेगळी दाखवायची, म्हणजे बाकी ८३,८५० होते. २ जूनला ३०,००० रुपयांचा चेक आला. चेक हातात आला म्हणजे पैसे आले असे होत नाही. पावतीवर चेकचा क्रमांक, तारीख, बँक आणि 'चेक वटल्यास' हे शब्द हवेत. 'चेक वटल्यावर बाकी ५३,८५०, न वटल्यास ८३,८५०' असे दोन्ही आकडे लिहिले, तर चेक परत आल्यावर नव्याने वाद घालावा लागत नाही.

आता सहीकडे येऊ. पावतीवर पैसे घेणाऱ्याची सही असते आणि ती देणाऱ्याचे रक्षण करते. रक्कम ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर १ रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावरून सही करावी. देणाऱ्याने मागितल्यावर अशी पावती देणे हे घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. पण घेणाऱ्याचे रक्षण कोण करते? हे फार कमी दुकानदारांना ठाऊक असते. उधारीच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत साधारण ३ वर्षे असते. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १९ प्रमाणे ही मुदत संपण्याआधी काही रक्कम दिली गेली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. अट एकच आहे. पैसे दिल्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीची असली पाहिजे. म्हणजे दुकानदाराने स्वतः लिहून स्वतःच सही केलेल्या पावतीने त्याची मुदत वाढत नाही. त्यासाठी स्थळप्रतीवर, म्हणजे पावती पुस्तकात राहणाऱ्या कार्बन प्रतीवर, 'वरील बाकी मान्य' असे लिहून घरमालकाची सही आणि तारीख घ्यायला हवी. बाकी मान्य असल्याच्या अशा सहीने कलम १८ खालीही मुदत नव्याने सुरू होते. घरमालकाने मे २०२८ मध्ये पाच हजार देऊन अशी सही केली, तर दावा मे २०३१ पर्यंत करता येतो. मुदत उलटून गेल्यावर घेतलेल्या सहीचा मात्र या कलमांखाली उपयोग नाही. चेकवर देणाऱ्याची सही असतेच. रोख रकमेत तशी काही खूण उरत नाही, म्हणून तिथे ही सही चुकवू नये.

एका शब्दाबाबत विशेष जपावे लागते. बाकी उरली असताना 'हिशेब चुकता' किंवा 'पूर्ण व अंतिम' असे पावतीवर कधीही लिहू नये. करार कायद्याच्या कलम ६३ नुसार घेणाऱ्याने कमी रक्कम संपूर्ण देण्यापोटी म्हणून स्वीकारली, तर उरलेले देणे तिथेच संपते. छापील पावती पुस्तकात हे शब्द आधीच छापलेले असतात आणि सही करताना कोणी ते वाचत नाही. ते खोडून शेजारी दोघांनी लहान सही करावी आणि 'अंशतः' असे स्पष्ट लिहावे.

दुकानदारांना एवढीच विनंती आहे, पुढचा हप्ता येईल तेव्हा पावती फाडण्याआधी स्थळप्रत गिऱ्हाइकासमोर ठेवा आणि बाकीचा आकडा त्याला मोठ्याने वाचायला सांगा. आकडा पटत नसेल, तर बिले तिथेच समोर घेऊन बेरीज पुन्हा करा आणि मगच दोघे सही करा.