दहाव्या मिलिलीटरला सामू सात का नसतो?

बाजारातल्या व्हिनेगरच्या बाटलीवर ‘4 टक्के आम्ल’ असं लिहिलेलं असतं. ते खरं आहे का, हे तपासायचा प्रयोग महाविद्यालयांत नेहमी होतो. 15 मिलि व्हिनेगर मोजून घ्यायचं आणि पाणी घालून 100 मिलि करायचं. बाटलीवरचा आकडा बरोबर असेल, तर या पातळ केलेल्या व्हिनेगरच्या एका लिटरमध्ये 6 ग्रॅम अॅसेटिक आम्ल असतं. म्हणजे 0.1 मोलर. त्यातलं 10 मिलि पिपेटने शंकुपात्रात घ्यायचं आणि वर ब्युरेटमध्ये तितक्याच तीव्रतेचा, 0.1 मोलर कॉस्टिक सोडा भरायचा. एक रेणू आम्ल, एक रेणू सोडा, दोघांचं जमलं की क्षार आणि पाणी. हिशोबाने बरोबर 10 मिलि सोडा पडला की आम्ल संपलं, सोडाही संपला. शंकुपात्रात उरतं ते 20 मिलि पाण्यात विरघळलेलं सोडियम अॅसिटेट.

आता त्या द्रावणाचा सामू किती असेल? सामू, म्हणजे प्रयोगशाळेत सगळे ज्याला पीएच म्हणतात तो. हा प्रश्न मी अनेक वर्षं प्रात्यक्षिकाच्या वेळी मुलांना विचारत आलो आणि उत्तर जवळजवळ नेहमी एकच आलं: सात. शाळेत शिकलेलं असतं ना, आम्ल आणि आम्लारी एकमेकांना उदासीन करतात आणि उदासीन म्हणजे सात. पण पात्रात मीटरचा इलेक्ट्रोड बुडवला तर आकडा 8.7 च्या आसपास दिसतो. सोड्याचा एकही जादा थेंब पडलेला नसताना द्रावण अल्कधर्मी झालेलं असतं. मुलं आधी मीटरवर संशय घेतात. मीटर बरोबर असतो.

अॅसेटिक आम्लाला आपण सौम्य आम्ल म्हणतो, ते कशामुळे हे इथे पुन्हा नीट पाहायला हवं. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडलं की आपला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित कण, पूर्ण सोडून देतं. उरलेल्या क्लोराइडला तो परत घेण्यात काहीही रस नसतो. अॅसेटिक आम्लाचं तसं नाही. त्याचा प्रोटॉन सैल आहे, पण सुटा नाही. शंभरातले एक-दोन रेणूच तो सोडतात, बाकीचे धरून बसतात. याचा अर्थ उलट बाजूने वाचला तर असा होतो: ज्या अॅसिटेटने प्रोटॉन सोडला, त्याला तो परत हवाच असतो. कोपनहेगनच्या ब्रन्स्टेडने आणि इंग्लंडच्या लोरीने 1923 मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आम्ल-आम्लारीकडे असं पाहायला शिकवलं. प्रोटॉन देतं ते आम्ल, घेतं ते आम्लारी. मग प्रोटॉन देऊन झालेलं आम्ल हे स्वतःच एक आम्लारी ठरतं. त्याला त्या आम्लाची संयुग्मी आम्लारी म्हणतात. अॅसिटेट ही अॅसेटिक आम्लाची संयुग्मी आम्लारी.

आपल्या शंकुपात्रात दहाव्या मिलिलीटरला सगळं आम्ल अॅसिटेट होऊन बसलेलं आहे. त्याला प्रोटॉन हवा आहे आणि पात्रात देणारं आम्ल उरलेलं नाही. पाणी मात्र भरपूर आहे. मग ते पाण्याच्या रेणूकडूनच प्रोटॉन ओढून घेतं:

CH₃COO⁻ + H₂O ⇌ CH₃COOH + OH⁻

प्रोटॉन गेलेल्या पाण्याच्या रेणूचा उरतो हायड्रॉक्साइड, आणि द्रावण अल्कधर्मी होतं ते त्याच्यामुळे. यालाच जलीय विच्छेदन म्हणतात. सोडियम या सगळ्यात नुसता उभा असतो. तो प्रोटॉन घेतही नाही, देतही नाही. त्याच्या जागी पोटॅशियम असता तरी आकडा जवळपास तोच आला असता.

हे ओढून घेणं किती प्रमाणात होतं? इथे एक सुंदर गोष्ट आहे, ती म्हणजे त्यासाठी नवा प्रयोग करावा लागत नाही. आम्ल प्रोटॉन किती सहज सोडतं याचा स्थिरांक Ka, आणि त्याची संयुग्मी आम्लारी पाण्याकडून तो किती जोराने घेते याचा स्थिरांक Kb. या दोघांचा गुणाकार नेहमी पाण्याच्या स्वतःच्या स्थिरांकाएवढा, म्हणजे 25 अंश सेल्सिअसला 10⁻¹⁴ असतो. एक मोठा असेल तर दुसरा तितकाच लहान. अॅसेटिक आम्लाचा Ka 1.75 × 10⁻⁵ आहे. 10⁻¹⁴ ला त्याने भागलं की अॅसिटेटचा Kb मिळतो: 5.7 × 10⁻¹⁰. फारच लहान आकडा. म्हणजे अॅसिटेटची ओढ आहे, पण दुबळी.

10 मिलि अधिक 10 मिलि मिळून 20 मिलि झाल्यामुळे अॅसिटेट आता 0.1 नव्हे, 0.05 मोलर आहे. मुलं हमखास चुकतात ती याच पायरीला. Kb ला 0.05 ने गुणायचं आणि वर्गमूळ घ्यायचं:

[OH⁻] = √(5.7 × 10⁻¹⁰ × 0.05) ≈ 5.3 × 10⁻⁶

वर्गमूळ येतं, कारण प्रत्येक हायड्रॉक्साइडबरोबर एक अॅसेटिक आम्लाचा रेणूही जन्मतो. दोघं समान संख्येने वाढतात, आणि समतोलाच्या सूत्रात त्यांचा गुणाकार होतो. या आकड्यावरून हायड्रॉक्साइडचा घातांक 5.27 येतो, तो 14 मधून वजा केला की सामू 8.73.

या आकड्याकडे दोन बाजूंनी पाहावं असं मला वाटतं. अॅसिटेटच्या बाजूने पाहिलं तर काहीच घडलेलं नाही. साधारण 9,400 अॅसिटेटमधल्या एकाने प्रोटॉन मिळवला, बाकीचे होते तसेच राहिले. पण पाण्याच्या बाजूने पाहिलं तर मोठी उलथापालथ आहे. शुद्ध पाण्यात जितका हायड्रॉक्साइड असतो त्याच्या 53 पट इथे आहे. शुद्ध पाण्यात तो इतका कमी असतो, की साडेनऊ हजारांत एकाने केलेली हालचालही त्याला पुरून उरते.

आता पुन्हा ब्युरेटकडे येऊ, कारण या दोन दशांशांच्या आकड्याला खरा अर्थ तिथे येतो. प्रयोग कुठे थांबवायचा हे आपल्याला रंग सांगतो. समजा एखाद्याने ठरवलं की मी सामू सात झाला की थांबेन. तो कुठे थांबेल? ब्युरेटचा एक थेंब सुमारे 0.05 मिलिचा असतो. 9.95 मिलि सोडा पडला, म्हणजे एकच थेंब बाकी राहिला, तेव्हा पात्रातला सामू 7.06 असतो. म्हणजे सात हा आकडा आम्ल संपल्याचा नसून एक थेंबाएवढं आम्ल अजून शिल्लक असल्याचा आहे. तो थेंब पडला की 8.7. आणखी एक थेंब चुकून पडला की थेट 10.4. दोन थेंबांत सामू साताच्या पायरीवरून दहाच्या वर उडी घेतो, आणि 8.7 ही त्या उडीतली मधली जागा.

म्हणून या प्रयोगाला फिनॉल्फथॅलीन हा दर्शक वापरतात. तो साधारण 8.3 पर्यंत रंगहीन असतो आणि 10 च्या आसपास पूर्ण गुलाबी होतो. त्याचा रंग बदलायला लागतो तो नेमका त्या उडीच्या वाटेवर. 8.7 ला जो रंग दिसतो तो इतका फिका असतो की पात्राखाली पांढरा कागद किंवा पांढरी टाइल ठेवल्याशिवाय दिसत नाही. पुढच्या थेंबाला गडद झाला, तर तुम्ही एक थेंब पुढे गेलात.

मिथिल ऑरेंज हा दुसरा ओळखीचा दर्शक. हायड्रोक्लोरिक आम्लाला तो चालतो, कारण तिथे एक थेंब बाकी असतानाही सामू 3.6 असतो आणि उडी तिथून सुरू होते. व्हिनेगरला तो वापरला तर काय होतं ते मी एकदा एका गटाला मुद्दाम करू दिलं. मिथिल ऑरेंज 3.1 ला लाल आणि 4.4 ला पिवळा. अॅसेटिक आम्लात 4.4 हा सामू येतो तो आम्लाचा जेमतेम तीस टक्के भाग वापरला गेल्यावर, म्हणजे 3 मिलिलाच. शिवाय रंग एका थेंबात न बदलता लालवरून नारिंगी, नारिंगीवरून पिवळसर असा रेंगाळत सरकतो. त्या गटाने पिवळा दिसला तिथे थांबून हिशोब केला आणि व्हिनेगर 1.2 टक्क्यांचं निघालं. बाटली तीच, सोडा तोच. चूक फक्त दर्शक निवडण्याची होती. रंग रेंगाळत बदलायला लागला, तर आपण उडीच्या जागी नाही आहोत हे तेव्हाच ओळखावं.

आणखी एक गोष्ट इथे त्रास देते, ती म्हणजे हवा. आपल्या द्रावणातला सगळा जादा हायड्रॉक्साइड लिटरमागे 5.3 × 10⁻⁶ मोल एवढाच आहे. उघड्या बाटलीत ठेवलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो साधारण 1.3 × 10⁻⁵ मोल, म्हणजे याच्या दुपटीहून अधिक. तो पाण्यात आम्लासारखा वागतो. अॅसिटेटचा साठा मोठा असल्यामुळे सामू एकदम कोसळत नाही, पण एवढ्याने तो 8.7 वरून 8.3 पर्यंत उतरू शकतो. गुलाबी रंगाची कड नेमकी तिथेच आहे. म्हणून पाणी उकळून, झाकून थंड करून वापरायचं. सोडियम अॅसिटेटच्या बाटलीच्या लेबलवर 5 टक्के द्रावणाचा सामू ‘7.5 ते 9.2’ असा एवढा रुंद पट्टा छापलेला दिसतो, त्यामागेही हेच आहे. पाण्याच्या तीन रेणूंसह स्फटिक झालेल्या या क्षाराच्या 5 टक्के द्रावणाचं गणित वरच्याच सूत्राने केलं तर 9.16 येतं, म्हणजे पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला. पण त्यात हजारात दोन भाग जरी अॅसेटिक आम्ल मोकळं राहिलेलं असेल, तरी सामू 7.5 पर्यंत खाली येतो.

प्रात्यक्षिक संपताना एखादी मुलगी घाबरून येते. सर, माझा गुलाबी गेला, मी आणखी एक थेंब घालू का? तिने पात्र बाकावर ठेवून वहीत आकडे लिहिलेले असतात, तेवढ्या वेळात हवेने रंग पुसलेला असतो. घालायचा नाही. हलवल्यावर अर्धा मिनिट रंग टिकला असेल, तर त्या क्षणी ब्युरेटवर जो आकडा होता तोच तिचा आकडा. नंतर जे संपलं, ते व्हिनेगरमधल्या आम्लाने संपवलेलं नव्हतं.