चोळ चोळ चोळ, पण किती वेळ?

१५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुण्याचा दिवस. २००८ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी शाळेच्या भिंतीवर हमखास ‘स्वच्छता हीच आरोग्याची गुरुकिल्ली’ छापाचं काहीतरी रंगवलेलं दिसतं. पहिलीतल्या मुलाला ते वाचता येत नाही, आणि पाठ झालं तरी हातांनी नेमकं काय करायचं हे त्यातून कळत नाही.

लहान मुलांच्या घोषणेत उपदेश नको, कृती हवी. शिवाय तिला घड्याळाचंही काम करावं लागतं. साबण लावल्यावर हात निदान २० सेकंद चोळायचे असतात, कारण साबण आणि घर्षण मिळून तेलकट मळ सोडवतात आणि त्याला चिकटलेले जंतू पाण्याबरोबर निघून जातात. सहा वर्षांचं मूल २० सेकंद मोजणार कसं? घोषणा संपेपर्यंत चोळत राहायचं, एवढं मात्र त्याला सहज जमतं.

हात ओले करून, साबण लावून, नळ बंद केला की एकाने ओळीचा पहिला भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी दुसरा:

तळव्याला तळवा – चोळ चोळ चोळ!
पंजाची पाठ – चोळ चोळ चोळ!
बोटांच्या फटी – चोळ चोळ चोळ!
अंगठा मुठीत – गोल गोल गोल!
नखांची टोकं – खसा खसा खस!
मनगट धरून – गोल गोल गोल!

सावकाश म्हटलं तर एका ओळीला तीन-चार सेकंद लागतात, म्हणजे सहा ओळींत साधारण वीस सेकंद होतात. यात अडचण येते ती अंगठ्याची. हात दोन आणि ओळ एक, त्यामुळे बहुतेक मुलं एकाच हाताचा अंगठा चोळून मोकळी होतात. पाठ, अंगठा आणि नखं यांच्या ओळी म्हणून दोनदा घ्याव्यात, हात बदलून. वेळ थोडा वाढतो, पण बिघडत काहीच नाही.

दुसरा घोळ वेगाचा. पाठ झालं की मुलं आगगाडी सोडतात, त्यात समोर खिचडीचा वास! मग तीच घोषणा दहा सेकंदांत उरकते. शिक्षकांनी अधूनमधून घड्याळ लावून पाहावं. ओळ सांगणारं मूल रोज बदललं तर उत्साह टिकतो. मात्र ते सावकाश म्हणणारं असावं.

परिपाठात हात जोडून ही घोषणा म्हणण्यात फारसा अर्थ नाही. शब्द आणि हालचाल यांची सांगड नळापाशीच बसते, जेवणाआधी आणि शौचालयातून आल्यावर. साबण मात्र तिथे हवाच. वडी हरवत असेल तर ती जाळीच्या पिशवीत घालून नळालाच बांधावी, आणि घोषणा नळावर मुलांच्या नजरेच्या उंचीला लिहावी.