‘जर’ गळला की आकडा फसतो

मार्च २०२४ च्या सुमाराला लघुउद्योजकांसाठीच्या वेबिनारांमध्ये एकच विषय गाजत होता: प्राप्तिकर कायद्याचं कलम ४३बी(एच). दीड तासाचं रेकॉर्डिंग कोण ऐकणार, म्हणून त्याचा मराठी सारांश व्हॉट्सअॅपवर फिरायचा. त्यातलं नेहमीचं वाक्य असं: ‘लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत.’

आकडा बरोबर आहे. सारांश मात्र चुकीचा आहे.

मुदत ठरवणारा लेखी करार असेल तरच ती जास्तीत जास्त ४५ दिवस असते. करार नसेल तर १५ दिवस. समजा, एका कारखानदारानं एका लघुउद्योगाकडून ५ लाखांचे सुटे भाग घेतले, २० फेब्रुवारी २०२४ ला माल स्वीकारला आणि ४ एप्रिलला पैसे चुकते केले. लेखी करारात ४५ दिवस ठरले असतील तर मुदत ५ एप्रिलपर्यंत जाते आणि हा खर्च २०२३-२४ च्या हिशेबात धरता येतो. करार नसेल तर मुदत ६ मार्चलाच संपलेली असते. मग ही वजावट पैसे दिल्याच्या वर्षात, म्हणजे २०२४-२५ मध्ये मिळते आणि आधीच्या वर्षाचा करपात्र नफा ५ लाखांनी फुगतो. सारांशातून एक ‘जर’ गळला, त्याचा हा परिणाम.

म्हणून जाणकार सारांशकार पहिल्यांदा ऐकताना वाक्यं उतरवत बसत नाही. आकडा आला की रेकॉर्डिंगमधली वेळ टिपतो आणि शेजारी त्या आकड्याची अट लिहितो. दुसऱ्या फेरीत तो बोललेला आकडा स्लाइडवरच्या आकड्याशी ताडून पाहतो, कारण इंग्रजीतले ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ कानाला सहज फसवतात. दोन्ही जुळले नाहीत तर मूळ कायदा उघडायचा, अंदाज करायचा नाही.

संज्ञांचंही तसंच. उशीर झालेल्या रकमेवर बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. इथे सोपं करायच्या नादात कुणी ‘बँकेचा व्याजदर’ लिहिलं, तर वाचक आपल्या कर्जाचा दर तिपटीनं मोजेल. बँक रेट हा रिझर्व्ह बँक जाहीर करते तो वेगळा दर. तो शब्द तसाच ठेवून एका ओळीत समजावणं बरं. ‘उलाढाल’ला मात्र कुणाची हरकत नसावी.

रेकॉर्डिंगची तारीख तर पहिल्याच ओळीत हवी. २०२४ च्या वेबिनारमध्ये वक्ता लघुउद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटी सांगतो आणि तेव्हा ते खरंच असतं. १ एप्रिल २०२५ पासून ती १०० कोटी झाली. सारांशकारानं वक्त्याच्या तोंडी १०० कोटी घालू नयेत. ५० च ठेवावेत आणि नवी मर्यादा खाली स्वतःची टीप म्हणून वेगळी द्यावी.